बारा हजारांसाठी अकराशे ऐंशी!

मुलांनो, ही गोष्ट आमच्याच भागातली, कंधारकडच्या एका खेड्यातली. आमच्या शाळेत आठवीपर्यंत वर्ग आहेत. गेल्या खेपेला आमच्या आठवीतली एक मुलगी एनएमएमएस परीक्षेत निवडली गेली. तिचं खरं नाव मी इथं देत नाही. आपण तिला नुसतं ताई म्हणू.

ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. एनएमएमएस म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. ज्यांच्या आई-वडिलांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, अशी सरकारी आणि अनुदानित शाळांतली आठवीची मुलं या परीक्षेला बसतात. आपल्या राज्यात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षं, दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे होतात ४८,००० रुपये. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरात ही रक्कम काय असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ताईची पुढची शाळा तालुक्याच्या गावी. एसटीचा पास, वह्या-पुस्तकं, गणवेश, सगळा हिशोब तिच्या आईनं या बारा हजारांवरच बसवला होता.

निकाल लागला. गावात पेढे वाटले. कुणीतरी ताईचा फोटो घालून अभिनंदनाचं चित्र तयार केलं. त्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव, गाव, शाळा, सगळं होतं. ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरलं. निवडयादी तर जाहीर झालेलीच होती. आणि आठ-दहा दिवसांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी, तिच्या वडिलांच्या फोनची घंटी वाजली.

"शिष्यवृत्ती विभागातून बोलतोय. तुमच्या मुलीचं नाव अमुक ना? शाळा अमुक, तालुका कंधार? अभिनंदन! तिचे बारा हजार मंजूर झालेत."

आता बघा, मुलीचं नाव बरोबर, शाळा बरोबर, परीक्षा बरोबर, रक्कमही बरोबर. मग कोण शंका घेणार? अण्णांनी (ताई वडिलांना अण्णा म्हणते) उभ्या उभ्याच फोनला नमस्कार केला म्हणे.

पलीकडचा माणूस पुढं म्हणाला, "फक्त तुमचं खातं आमच्या यादीला जोडायचं राहिलंय. त्याची प्रोसेसिंग फी एक हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण अकराशे ऐंशी. ही फी नंतर बारा हजारांबरोबर परत मिळते. आज पाच वाजेपर्यंत भरा, नाहीतर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला नंबर जाईल."

अण्णांनी अकराशे ऐंशी रुपये पाठवले. वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. "तुमचं खातं जुनं दिसतंय. ते अपडेट करायचे अडीच हजार, जीएसटीसह एकोणतीसशे पन्नास." तेही गेले. एकूण झाले ४,१३० रुपये. हे पैसे सोयाबीनच्या बियाण्यासाठी ठेवलेले होते. मृग तोंडावर आला होता.

तिसऱ्या फोनच्या वेळी अण्णांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक चौकोनी क्यूआर कोड आला. "हा स्कॅन करा, पिन टाका, लगेच बारा हजार जमा होतील," असं तो माणूस म्हणाला. अण्णांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या फोनवर कोड मागवून ताईच्या हातात आपला फोन दिला. तिनं कोड स्कॅन केला आणि पडद्यावर आलेलं इंग्रजी वाचलं. वर कुणा माणसाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं `Pay ₹12,000`.

"अण्णा, इथं पे म्हणतंय. पे म्हणजे द्या. घ्या न्हाई."

पलीकडून तो माणूस ओरडत होता, "लवकर पिन टाका, वेळ संपतोय!" ताईनं फोन कापला. आणि मग ती रडायला लागली. पैसे गेले म्हणून नव्हे. आपण फोन कापला, आता आपली शिष्यवृत्ती दुसऱ्याला जाणार, असं तिला वाटलं म्हणून. रात्रभर त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक माझ्या घरी आले.

पैसे नेमके कोणत्या वाटेनं येतात?

मी ताईला पहिल्यांदा एकच प्रश्न विचारला, "तू अजून अर्ज कुठं भरलास?"

ती म्हणाली, "बाई, परीक्षेचा फॉर्म भरला होता की शाळेत."

इथंच सगळी मेख आहे, मुलांनो. परीक्षेचा अर्ज वेगळा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा. परीक्षा होते आठवीत. निकाल लागतो, निवडयादी येते. मग मूल नववीत जातं. नववीच्या वर्षात राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे `scholarships.gov.in` या संकेतस्थळावर, नोंदणी करून अर्ज भरावा लागतो. तो अर्ज आधी नव्या शाळेतले नोडल शिक्षक तपासतात. हे मूल खरंच आमच्या शाळेत आहे का, कागद बरोबर आहेत का, ते पाहून पुढं पाठवतात. मग जिल्ह्याचे नोडल अधिकारी तपासतात. या दोन चाळण्यांतून अर्ज गेला की मगच पैसे निघतात, आणि तेही सरळ मुलाच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात. मध्ये कुणाच्या हातात नोट येत नाही. पुढं प्रत्येक वर्षी तो अर्ज नूतनीकरण करावा लागतो.

आता तारखा जुळवून बघा. फोन आला मे महिन्यात. ताई नववीत गेलीच नव्हती. नववीच्या शाळेत नाव घातलं नव्हतं. अर्ज भरला नव्हता, तपासला नव्हता. मग "मंजूर झाले" ते काय? जी भाकरी अजून थापलीच नाही, ती भाजून तयार आहे म्हणून कुणी पैसे मागावेत, तसं हे झालं.

मी ताईला हे कागदावर पायऱ्या काढून दाखवलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिचा नंबर कुणाच्या फोनवरून जाणार नव्हता. तो निकालातच पक्का झालेला होता.

म्हणून पहिली खूण ही. कुठलीही शिष्यवृत्ती असो, तिच्या पायऱ्या शाळेतून विचारून घ्या. फोनवाला ज्या पायरीबद्दल बोलतोय, त्याच्या आधीची पायरी तुम्ही चढला आहात का, ते बघा. फसवणारा माणूस नाव-गाव यादीतून उचलतो, पण तुमचा अर्ज कुठं अडलाय हे त्याला ठाऊक नसतं. त्याला उलट विचारावं, "माझा अर्ज क्रमांक सांगा, कोणत्या शाळेनं तपासला ते सांगा." बहुतेक वेळा तो चिडतो नाहीतर घाई करतो.

फी असते की नसते?

इथं पालक मला एक गोष्ट विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. "बाई, शिष्यवृत्ती परीक्षेला आम्ही पैसे भरले होते. मग फी नसते असं कसं म्हणता?"

बरोबर आहे. परीक्षेला बसायचं शुल्क असतं आणि ते परीक्षेच्या आधी, शाळेमार्फत भरलं जातं. त्याचा आकडा परीक्षा परिषदेच्या अधिसूचनेत छापलेला असतो. दुसरा खर्च होतो सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत. तिथं अर्ज भरून द्यायचे, कागद स्कॅन करायचे, छापील प्रत काढायचे पैसे दुकानदार घेतो. ती त्याच्या कामाची मजुरी आहे, शिष्यवृत्तीची फी नाही. समोर बसून काम होतं, पावती मागता येते.

पण शिष्यवृत्ती "मिळाल्यावर" ती सोडवून घेण्यासाठी पैसे भरा, असं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलही म्हणत नाही आणि आपल्या राज्याचं महाडीबीटी पोर्टलही म्हणत नाही. आणि थोडा विचार करा. सरकारला तुम्हाला बारा हजार द्यायचेत आणि एक हजार कापून घ्यायचेत, तर ते अकरा हजारच पाठवील की! आधी तुमच्याकडून हजार मागवायचे आणि मग बारा हजार धाडायचे, हा उलटा व्यवहार कशासाठी?

मग तो आकडा अकराशे ऐंशीच का होता? हजार मागितले असते तर कुणाला वाटलं असतं, खिशात घालतोय. पण हजारावर अठरा टक्के कर लावला की आकडा कचेरीतून आल्यासारखा दिसतो. एकोणतीसशे पन्नासचंही तसंच. अडीच हजारांवर अठरा टक्के म्हणजे साडेचारशे. गणित बरोबर आहे म्हणून माणूस खरा असं आपल्याला वाटतं. आणि पहिली रक्कम मुद्दाम लहान असते. एकदा अकराशे गेले की माणूस म्हणतो, आता तेवढ्यासाठी कशाला मागं हटायचं? अशानं दुसरी रक्कमही जाते.

राहिला क्यूआर कोड. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आजीलासुद्धा. यूपीआयचा पिन हा पैसे देताना लागतो. पैसे आपल्या खात्यात येताना पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. (खात्यातली शिल्लक पाहताना पिन लागतो, पण त्यात पैसे हलत नाहीत.) "पैसे घेण्यासाठी पिन टाका" हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवून द्यावा. ताईनं नेमकं तेच केलं. चौथीत शिकलेला `Pay` हा एक शब्द त्या दिवशी बारा हजारांचा ठरला.

लॅपटॉपची लाट

हा झाला फोनचा प्रकार. दुसरा प्रकार येतो तो निरोपातून. दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक तरी निरोप येतोच, "विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, आजच नोंदणी करा." खाली निळ्या अक्षरात लिंक.

असल्या निरोपाचा एक गाजलेला प्रसंग २०१९ सालचा आहे. लोकसभा निवडणुकीचा निकाल २३ मे रोजी लागला. त्यानंतर लगेच देशभर एक निरोप फिरू लागला, की मेक इन इंडिया योजनेखाली दोन कोटी तरुणांना फुकट लॅपटॉप मिळणार. लिंक होती `modi-laptop.wishguruji.com`. (ती फक्त वाचण्यासाठी दिली आहे, उघडून बघू नका.) पानावर पंतप्रधानांचा फोटो आणि मेक इन इंडियाचं चिन्ह होतं. अवघ्या दोन दिवसांत पंधरा लाखांहून जास्त लोक त्या पानावर गेले. जूनच्या सुरुवातीला दिल्ली पोलिसांनी राजस्थानातल्या नागौरमधून ते पान बनवणाऱ्याला पकडलं. तो कोण निघाला? तेवीस वर्षांचा, आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेला तरुण! पोलिसांनी सांगितलं, की पानावर येणाऱ्या जाहिरातींतून त्याला पैसे कमवायचे होते आणि लोकांची माहितीही गोळा होत होती.

लॅपटॉप एकही नव्हता. तरी पंधरा लाख लोक का गेले? कारण निरोप कुणा चोराकडून आला नव्हता. तो मामाकडून, मैत्रिणीकडून, शिकवणीच्या ग्रुपवरून आला होता. अशा पानावर नाव, वय, फोन, राज्य भरून घेतात. मग "तपासणी चालू आहे" असं एक चाक फिरतं आणि "अभिनंदन, तुम्ही पात्र आहात" असं येतं. तुम्ही नावाच्या जागी कखगघ लिहिलं, तरी पात्रच असता! मग शेवटची अट येते, "हा निरोप दहा जणांना पाठवा." म्हणजे जाहिरातीचं काम तुमच्याकडूनच करून घेतलं जातं, आणि तेही तुमच्या नावावर.

आपल्याकडे लोकांचा विश्वास बसायला आणखी एक कारण आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला शिकणाऱ्या कितीतरी मुलांना सरकारी टॅब खरंच मिळालेले आहेत. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या ऑनलाइन शिकवणीसाठी टॅब आणि इंटरनेट देत आली आहे. उत्तर प्रदेशात, तामिळनाडूत सरकारनं मुलांना लॅपटॉप वाटलेले आहेत. म्हणजे "फुकट काही मिळतच नाही" असंही म्हणता येत नाही. खोटा निरोप असाच खऱ्या गोष्टीच्या सावलीत उभा राहतो. शेजारच्या दादाला टॅब मिळाला, मग मला लॅपटॉप का नाही, असं मनात येतं आणि बोट लिंकवर पडतं.

फरक कुठं आहे ते सांगते. खऱ्या योजनेला अट असते. कोणत्या प्रवर्गाला, कोणत्या वर्गाला, किती उत्पन्नाला, कोणती कागदपत्रं, शेवटची तारीख कोणती, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. खोटी योजना "सर्व विद्यार्थ्यांना" असते आणि तिथं नापास कुणीच होत नाही.

पत्ता शेवटाकडून वाचा

आता एक गंमत शिकवते. पोस्टाच्या पाकिटावर गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता असतो ना? पोस्टमन आधी शेवटचा जिल्हा बघतो. इंटरनेटचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीला `https://` असेल तर ते सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ `/` येते, तिच्या आधीचा तुकडा घ्या आणि उजवीकडून डावीकडं चला.

`mahadbt.maharashtra.gov.in` हा पत्ता संपतो `gov.in` वर. हे आडनाव फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं. कुणीही पैसे भरून ते विकत घेऊ शकत नाही. `scholarships.gov.in` चंही तसंच.

आता मघाचा पत्ता बघा. त्याचा शेवट आहे `wishguruji.com`. तो पत्त्याचा खरा मालक. पुढं लावलेलं `modi-laptop` हे त्यानं स्वतः ठेवलेलं नाव. आपल्या घराच्या दारावर कुणी "जिल्हाधिकारी कार्यालय" अशी पाटी लावली, तर घर काही कचेरी होत नाही.

यापेक्षा अवघड फसवणूकही असते. समजा पत्ता आला `scholarships.gov.in.example.com`. यात `gov.in` आहे, पण मध्ये आहे. शेवट `example.com` आहे. म्हणजे सरकारी नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर लांब पत्त्याचा फक्त पुढचा भाग दिसतो आणि शेवट लपतो, म्हणून हे जास्त चालतं.

या नियमालाही मर्यादा आहे, ती लक्षात ठेवा. सगळ्याच खऱ्या संस्था `gov.in` वर नसतात. महाज्योतीचाच पत्ता `mahajyoti.org.in` असा आहे. आणि `org.in` कुणालाही घेता येतं. मग अशा वेळी लिंकवर विसंबायचं नाही. शाळेत किंवा कॉलेजात विचारायचं आणि पत्ता स्वतःच्या हातानं टाकायचा. केंद्र सरकारच्या योजनेबद्दल शंका असेल, तर पीआयबी फॅक्ट चेक या सरकारी विभागाला ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर तो निरोप पाठवून विचारता येतं. असे मोफत लॅपटॉपचे निरोप खोटे असल्याचं या विभागानं याआधी जाहीर केलेलं आहे.

पैसे नकोत, फक्त पासवर्ड द्या!

काही पानं एक रुपयाही मागत नाहीत. ती म्हणतात, "लॅपटॉपची नोंदणी पूर्ण करण्यासाठी ईमेलनं लॉगिन करा." समोर ओळखीचा चौकोन येतो. ईमेल, पासवर्ड. आपण टाकतो. पान म्हणतं, "चुकीचा पासवर्ड, पुन्हा टाका." आपण पुन्हा टाकतो. तेवढ्यात तो त्या माणसाच्या वहीत उतरलेला असतो. तो चौकोन म्हणजे नुसतं चित्र होतं.

ईमेल गेला तर काय बिघडलं, असं एका नववीतल्या मुलानं मला विचारलं होतं. अरे, घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगलेल्या असतात, ती खुंटी म्हणजे ईमेल. दुसऱ्या खात्यांवर "पासवर्ड विसरलो" असं दाबलं, की नवा पासवर्ड करायची लिंक बहुतेक वेळा ईमेलवरच येते. शिवाय आपल्यातले निम्मे जण सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात. आणि ज्या खात्यातून शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, त्यात जन्मतारीख, घरचं उत्पन्न, शाळा, सगळं लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी येणारा फोन मग आणखी खरा वाटतो.

आपली माहिती दुसऱ्याच्या हाती गेली की काय होतं, याचं उदाहरण २०२० साली झारखंडात दिसलं. अल्पसंख्याक मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काही ठिकाणी दलालांनी गरीब घरांतून आधार, बँकेची माहिती आणि अंगठ्याचे ठसे घेतले. शिष्यवृत्ती मुलांच्या नावावर निघाली, पण मुलांच्या हातात तिचा थोडाच भाग पडला. एका इंग्रजी वृत्तपत्रानं शोध घेतला तेव्हा हे बाहेर आलं. कित्येक आई-बापांना आपल्या मुलाच्या नावावर किती पैसे निघाले, हेच माहीत नव्हतं.

म्हणून पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. सेवा केंद्रात अर्ज भरताना पासवर्ड आपण स्वतः टाकावा, आपल्या वहीत लिहून ठेवावा आणि घरी आल्यावर बदलावा. ओटीपीचा निरोप आला तर नुसता आकडा वाचू नका. तो कशासाठी आहे, ते आधी लिहिलेलं असतं. समोरचा म्हणतोय शिष्यवृत्ती आणि निरोपात लिहिलंय रक्कम खात्यातून जाणार, तर काय ते समजा.

मग अण्णांच्या पैशांचं काय झालं?

ताई आणि अण्णा माझ्याकडे आले, तेव्हा जवळजवळ वीस तास उलटून गेले होते. मी आधी १९३० हा क्रमांक लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी मदत क्रमांक आहे. तिथं त्यांनी विचारलं, कोणत्या खात्यातून, किती वाजता, किती रुपये, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक काय. हा क्रमांक यूपीआयच्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तो आम्ही वाचून दाखवला. मग `cybercrime.gov.in` वर तक्रारीचा तपशील भरला, पडद्याचे फोटो जोडले. बँकेत जाऊनही अर्ज दिला.

घाई कशासाठी, तर चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात हलवतो आणि शेवटी काढून घेतो. १९३० वर तक्रार नोंदली की ती बँकांकडे जाते आणि वाटेत जिथं पैसा सापडेल तिथं तो रोखून धरता येतो. पहिला तास-दोन तास म्हणूनच मोलाचे. अण्णांचे एकोणतीसशे पन्नास एका खात्यात अडकलेले सापडले. कायदेशीर सोपस्कार होऊन ते परत मिळायला चार महिने लागले. अकराशे ऐंशी मात्र आधीच निघून गेले होते, ते गेलेच. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँकेनं भरून द्यावेत, असा हक्क सहसा सांगता येत नाही. हे कटू आहे, पण खरं आहे.

अण्णा त्या दिवशी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बाई, गावात सांगू नका." त्यांना लाज वाटत होती. रात्रीच कुणाला सांगितलं असतं, तर कदाचित पहिली रक्कमही अडवता आली असती. पण लाजेपायी ते गप्प बसले. पालकांना म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. मुलानं चुकून पैसे पाठवले किंवा पासवर्ड दिला आणि सांगायला आलं, तर आधी १९३० लावा. रागवायचं असेल तर नंतर रागवा. मार बसेल या भीतीनं मूल जे दोन तास लपवून ठेवतं, त्या दोन तासांतच पैसा दूर निघून जातो.

पुढं काय झालं? बियाण्याच्या पिशवीसाठी अण्णांनी मेव्हण्याकडून उसने घेतले. ताई तालुक्याच्या शाळेत नववीला गेली. पोर्टल सुरू झाल्यावर तिनं शाळेतल्या सरांच्या समोर बसून स्वतःच्या हातानं अर्ज भरला. एक रुपया फी लागली नाही. शाळेनं तपासला, जिल्ह्यानं तपासला. आणि एके दिवशी अण्णांच्या फोनवर बँकेचा निरोप आला. अण्णांनी तो वाचायला पुन्हा तिच्याच हातात दिला. या खेपेला `Pay` नव्हतं, `credited` होतं.

"म्हंजी?" अण्णांनी विचारलं.

"म्हंजी आले, अण्णा."

आता तुमच्यासाठी एक काम. घरातला फोन घ्या आणि आलेल्या निरोपांत मोफत, फ्री, शिष्यवृत्ती असे शब्द शोधा. एखादी लिंक सापडली तर ती उघडू नका. वहीत तिचा पत्ता उतरवा, सुरुवातीचं `https://` सोडून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत. मग शेवटाकडून वाचा आणि मालकाच्या नावाखाली रेघ ओढा. उद्या ती वही वर्गात घेऊन जा आणि बाईंना, गुरुजींना दाखवा.